नळ सोडला की गरम पाणी: वसतिगृहातल्या परतीच्या लाइनचं गणित

पुण्यातलं एक चार मजली वसतिगृह डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर सोलर, जोडीला हीट पंप, टाकीत ६० अंशांचं पाणी. टाकीपासून गच्चीवरून ४० मीटर लांब सव्वा इंची लाइन गेलीय. तिच्यातून सहा ठिकाणी एक इंची डाउनटेक शाफ्टमधून १२ मीटर खाली उतरतात. प्रत्येक बाथरूमपर्यंत पुढे चारेक मीटर पाऊण इंची पाइप. रात्रभर या सगळ्या पाइपांतलं पाणी गार होतं. टोकाच्या डाउनटेकवर तळमजल्याला पहाटे पहिला नळ उघडणाऱ्याच्या वाट्याला गच्चीवरच्या लाइनमधलं २६ लिटर, डाउनटेकमधलं ५ आणि शेवटच्या तुकड्यातलं १, असं ३२ लिटर गार पाणी येतं. मिनिटाला ६ लिटरचा नळ असेल तर पाच मिनिटांहून जास्त वेळ त्याने कुडकुडत उभं राहायचं, आणि तेवढं पाणी मोरीत जायचं.

यावर उपाय म्हणजे परतीची लाइन. सहाही डाउनटेक तळाशी एका बारीक पाइपला जोडायचे, तो पाइप परत गच्चीवर टाकीत आणायचा आणि त्यावर छोटा पंप बसवायचा. पाणी फिरत राहतं, गार व्हायला त्याला सवडच मिळत नाही. मग वाट पाहायची ती फक्त शेवटच्या चार मीटरांची, म्हणजे दहा-वीस सेकंदांची.

पंप केवढा घ्यायचा, इथे मात्र बहुतेकांचं चुकतं. ‘मुलं दोनशे, मजले चार, अर्ध्या हॉर्सपॉवरचा बसवू,’ असा हिशेब सर्रास ऐकू येतो. मुलांच्या संख्येवर पुरवठ्याच्या पाइपांचा आकार ठरतो, पंपाचा नाही. पाइपांतून जेवढी उष्णता वाटेत निसटते, तेवढीच पंपाने भरून काढायची असते.

चांगलं इन्सुलेशन असलेल्या पाइपातून, बाहेर २० अंश असताना, मीटरला साधारण १० वॅट उष्णता जाते. आपली पुरवठ्याची लाइन ४० अधिक सहा डाउनटेकचे ७२, एकूण ११२ मीटर. म्हणजे सुमारे ११२० वॅट, मिनिटाला ६७ किलोज्यूल. टाकीतून ६० अंशांनी निघालेलं पाणी डाउनटेकच्या तळाशी ५५ अंशांवर पोहोचलं तर चालेल असं धरू. एक लिटर पाणी ५ अंशांनी निवताना २१ किलोज्यूल देतं. ६७ भागिले २१, म्हणजे मिनिटाला ३.२ लिटर. अख्ख्या इमारतीला एवढाच प्रवाह लागतो! परतीला पाऊण इंची पाइप पुरतो. पाणी जिथून निघालं त्याच टाकीत परत येत असल्यामुळे चार मजल्यांची उंची पंपाला चढावी लागत नाही, फक्त पाइपातलं घर्षण सोसायचं. त्यासाठी दोन-तीन मीटर हेडचा, काही दहा वॅटचा सर्क्युलेशन पंप भरपूर झाला.

इन्सुलेशन नसेल तर हा हिशेब कोलमडतो. उघडा पाइप चौपट उष्णता सोडतो, प्रवाहही चौपट लागतो. शाफ्टमध्ये कोण बघतंय म्हणून तिथलं इन्सुलेशन गाळणारे कंत्राटदार कमी नाहीत.

पंप बरोबर असूनही टोकाची बाथरूम गारच राहिली तर? पाणी आळशी असतं, जवळच्या डाउनटेकमधून उतरून लगेच परत फिरतं. प्रत्येक डाउनटेकच्या तळाशी हात लावून पाहा. पहिला चटका देतो आणि सहावा थंड लागतो, तर दोष पंपाचा नाही. तिथे मोठा पंप लावला तरी बहुतेक पाणी पहिल्यातूनच धावेल आणि वेग वाढून पाइपाचे बेंड झिजतील. प्रत्येक डाउनटेकच्या तळाशी बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हवा. जवळचे आवळायचे, लांबचे मोकळे ठेवायचे आणि सहाही ठिकाणी थर्मामीटर साधारण सारखा आकडा दाखवेपर्यंत हे करत राहायचं. परतीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही लागतो. नाहीतर सकाळच्या गर्दीत टाकीच्या तळाचं कोमट पाणी परतीच्या लाइनमधून उलटं नळात येतं.

पंप चोवीस तास चालवला, तर परतीच्या पाइपाची गळती धरून दिवसाला सुमारे ३६ युनिट उष्णता जाते. एवढ्यात हजार लिटर पाणी ३० अंशांनी तापलं असतं. सोलरचं दिवसभराचं काम रात्री पाइपांतून उडून जायला नको, म्हणून टायमर लावा. या लाइनमधलं सगळं गार पाणी बदलायला वीसेक मिनिटं लागतात आणि थंड पाइपही तापायचे असतात. आंघोळी साडेपाचला सुरू होत असतील तर पावणेपाचला पंप सुरू व्हावा. टाकी मात्र ६० अंशांखाली उतरू देऊ नका, कारण कोमट साठ्यात लिजिओनेलाचे जिवाणू वाढतात.

तुमच्या वसतिगृहाचं कोटेशन आलं असेल तर त्यात पंपाची हॉर्सपॉवर शोधू नका. पाइपाची लांबी, मीटरमागे किती वॅट गळती धरली आणि बॅलन्सिंग व्हॉल्व्ह किती, हे तीन आकडे लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका.