शेवटच्या क्लिकचं श्रेय

25 हजारांची पैठणी कुणी एका बैठकीत घेत नाही. सोमवारी इन्स्टाग्रामच्या जाहिरातीत काठावरचे मोर दिसतात. बाई रंग बघतात आणि बंद करतात. गुरुवारी खरी पैठणी कशी ओळखायची हे गुगलवर शोधताना त्याच दुकानाचा लेख सापडतो. पुढच्या आठवड्यात दुकानाच्या ईमेलवरून आणखी एक फेरी होते. बाराव्या दिवशी मनाचं ठरतं. मग त्या गुगलवर दुकानाचं नाव टाकतात, वर दुकानाचीच जाहिरात येते, तिच्यावर क्लिक करून पैसे भरतात.

अहवालात ही ऑर्डर `google / cpc` या ओळीत जमा होते. शेवटच्या क्लिकचा नियमच तसा. आधीच्या तीन भेटींना शून्य. म्हणजे गल्ल्यावर बसलेल्यानंच सगळा माल विकला म्हणायचं.

आता मालक बेरीज मांडतो. समजा, इन्स्टाग्रामवर 40 हजार खर्चून ऑर्डरी 4, आणि नावाच्या जाहिरातीवर 8 हजारांत 30. तो इन्स्टाग्राम बंद करतो. दोन आठवडे काहीच बिघडत नाही, कारण आधी पाहून गेलेली गिऱ्हाइकं अजून परतत असतात. नंतर दुकानाचं नाव शोधणारेच रोडावतात, आणि खापर मंदीवर फुटतं.

फोनच्या कव्हरसारखी वस्तू एकाच भेटीत विकली जाते, तिथे हा नियम फारसा चुकत नाही. म्हणून आधी ऑर्डरी भेटींच्या संख्येनुसार वेगळ्या कराव्यात. तीन किंवा जास्त भेटींच्या ऑर्डरींत पहिली भेट कुठून झाली आणि शेवटची कुठून, हे शेजारी शेजारी ठेवावं. एखादं माध्यम शेवटी सतत दिसतं आणि सुरुवातीला जवळजवळ नाहीच, तर ते गिऱ्हाईक आणत नसून आलेल्याला दार उघडून देत असण्याची शक्यता मोठी.

पण ही यादीही अर्धवटच असते. फोनवर पाहून लॅपटॉपवर घेतलं, की एकच बाई दोन माणसं म्हणून मोजली जाते. नणंदेनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक बहुधा `Direct` मध्ये पडते. त्यामुळे श्रेय सगळ्या भेटींना सारखं वाटणं हाही माझ्या मते अंदाजच. फक्त दिसायला न्याय्य.

खरं उत्तर जाहिरात थांबवून मिळतं. ईबेनं 2012 मध्ये याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या, गुगलवर चालू ठेवल्या. हिशेब केला तर जाहिरातीचे गेलेले जवळजवळ सगळे, 99.5 टक्के क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून परत आले. मग अमेरिकेच्या काही भागांत त्यांनी नावाखेरीजच्या शब्दांवरच्या जाहिरातीही गुगलवर बंद केल्या. वरचेवर खरेदी करणाऱ्यांवर त्याचा परिणाम जवळपास दिसला नाही. नव्या आणि क्वचित येणाऱ्यांची खरेदी मात्र घटली.