हळदीचं पेटंट आणि प्रायर आर्टचा शोध: कोड, शब्द आणि संदर्भांची साखळी

आजचा भाग थोडा कामाचा आहे. चालताना ऐकला असेल तर घरी पोचल्यावर हे पान पुन्हा उघडा, कारण सर्चमध्ये टाकायच्या ओळी मी इथे टाइप करून दिल्या आहेत.

विषय आहे प्रायर आर्ट. तुमच्या अर्जाच्या तारखेआधी जगात जे जे जाहीर झालेलं आहे, ते सगळं प्रायर आर्ट. तुमची कल्पना त्यात आधीच असेल, तर पेटंट मिळत नाही. मिळालं असेल, तर ते पाडता येतं.

हे माझ्याकडे आलं ते अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून. तिथे माझ्या एका मित्राचं छोटं युनिट आहे. त्याला जखमेवर मारायचा हळदीचा स्प्रे करायचा होता. तो म्हणाला, "अरे, गुगलवर पाहिलं, असला स्प्रे कुणाचाच नाहीये. अर्ज टाकू का?" आता, दुकानात न मिळणारी वस्तू कुणाच्या तरी पेटंटमध्ये तीस वर्षांपूर्वीच लिहिलेली असू शकते. त्यामुळे साध्या सर्चवर भरवसा ठेवून पैसे घालणं धोक्याचं. आणि हळद म्हटल्यावर मला आधी तो जुना खटला आठवला. शोध कसा करायचा, हे समजायला त्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

केस काय होती

मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधल्या दोन संशोधकांनी 28 डिसेंबर 1993 ला अमेरिकेत अर्ज केला. 28 मार्च 1995 ला त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक US5401504. हक्क मागितला होता तो हळदीची पूड देऊन जखम भरून आणण्याच्या पद्धतीवर.

खरचटलं की हळद लावायची, हे आपल्याकडे घरोघरी माहीत. मग पेटंट मिळालंच कसं? अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर किंवा तोंडी ज्ञान मोजलं जात नव्हतं. छापील पुरावा मात्र जगातल्या कुठल्याही देशातला, कुठल्याही भाषेतला चालायचा. (हा फरक तिथे 2013 मध्ये गेला.) म्हणजे "आम्हाला माहीत होतं" असं सांगून काहीच होणार नव्हतं. तारखेचं छापील पान दाखवावं लागणार होतं.

तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. सीएसआयआरने 1996 मध्ये फेरतपासणी मागितली आणि 32 संदर्भ सादर केले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने. 1953 चा जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशनमधला एक लेखही होता. 1997 मध्ये अमेरिकी कार्यालयाने सहाही दावे फेटाळले.

आता समजा, ते 32 संदर्भ आपल्यालाच शोधायचे आहेत. सुरुवात कुठून करायची?

आधी दावा फोडायचा

पेटंटमध्ये शेवटी "क्लेम्स" म्हणजे दावे असतात. हक्क तेवढ्यावरच असतो, बाकीची पानं स्पष्टीकरण. म्हणून पहिलं काम सर्चचं नाही, वाचायचं. हळदीच्या पहिल्या दाव्याचे तुकडे असे पडतात: काय द्यायचं, तर हळदीची पूड. कशासाठी, तर जखम. परिणाम काय, तर जखम भरणं. पुढच्या दाव्यांमध्ये पोटात घेणं आणि वरून लावणं, असे दोन्ही मार्ग आहेत.

यात एक मेख आहे. दाव्याची भाषा अशी होती की औषध म्हणून फक्त हळदच. त्यामुळे "हळद, कडुनिंब आणि तूप एकत्र करून लावा" असं सांगणारा जुना ग्रंथ सापडला, तरी तो थेट लागू पडत नाही. नवेपणा मोडायचा असेल तर दाव्यातला प्रत्येक तुकडा एकाच कागदात हवा. दोन कागद जोडून "हे कुणालाही सुचलं असतं" असं म्हणता येतं, पण तो युक्तिवाद वेगळा आणि कमजोर. म्हणून शोधताना बाजूला एक तक्ता ठेवा: आडवे दाव्याचे तुकडे, उभे सापडलेले कागद. ज्या ओळीत सगळ्या रकान्यांत टिक पडते, ती तुमची खरी शिकार.

पहिलं जाळं: शब्दांचं कुटुंब

प्रत्येक तुकड्यासाठी एकच शब्द नको, त्याचं अख्खं कुटुंब हवं. त्यात समानार्थी शब्द, शास्त्रीय नाव, जुनं शास्त्रीय नाव आणि इतर भाषांतली नावं आली. हळदीचं शास्त्रीय नाव कर्कुमा लोंगा. काही लेखांत तीच वनस्पती कर्कुमा डोमेस्टिका म्हणून येते. संस्कृतात हरिद्रा, हिंदीत हल्दी. जखमेच्या कुटुंबात व्रण, अल्सर, भाजणं हे सगळे आले. गुगल पेटंट्समध्ये ते असं लिहायचं:

```
(turmeric OR curcuma OR haldi OR haridra)
(wound OR ulcer OR burn OR lesion)
before:publication:19931228
```

कंसातले शब्द "यापैकी कुठलाही", आणि दोन कंस म्हणजे "दोन्ही हवेत". शेवटची ओळ अर्जाच्या तारखेनंतर छापलेलं सगळं गाळते, कारण ते आपल्या उपयोगाचं नाही.

औषधाच्या रूपाचे शब्दही विसरू नका. फेरतपासणीत पेटंटवाल्यांचा एक मुद्दा असा होता की लेप वेगळा आणि पूड वेगळी, लेपाचा गुण पुडीला लागू होईलच असं नाही. कार्यालयाने तो मानला नाही. पण शोधणाऱ्याने पूड, लेप, चूर्ण यांची कुटुंबं वेगळी लावली, तर असा युक्तिवाद येण्याआधीच पुरावा हातात असतो.

शब्दांचं जाळं कुठे फाटतं? ज्या कागदात तुम्ही न सुचलेला शब्द वापरलाय तिथे. आणि जुन्या स्कॅन केलेल्या पानांवर, जिथे मशीनने अक्षरंच चुकीची वाचलेली असतात.

दुसरं जाळं: वर्गीकरणाचा कोड

प्रत्येक पेटंटवर विषयाचे कोड लावलेले असतात. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर आकडा असतो ना, तसंच. कागद जपानीत असो की जर्मनमध्ये, कोड एकच. म्हणून जिथे शब्द हरतात, तिथे कोड चालतो. हळदीचा कोड आहे A61K36/9066. एस्पेसनेट या मोफत डेटाबेसमध्ये:

```
cpc="A61K36/9066" AND pd<1993
```

यात मुद्दाम जखमेचा शब्द टाकलेला नाही. जुन्या पेटंटना बऱ्याचदा सारांशच नसतो, त्यामुळे जास्तीचा शब्द टाकला की चांगले कागद गळतात. आलेली यादी शीर्षकं वाचत खाली जायची. जखमांवरच्या औषधांचा A61P17/02 हा कोडही आहे, पण A61P हा भाग आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 2000 मध्ये आला. त्याआधीच्या कागदांवर तो असेलच असं नाही. जुनं शोधताना त्याची अट घालू नका, नवं शोधताना जरूर घाला.

आणि एक गंमत. 1995 मध्ये हा हळदीचा कोड नव्हताच. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सगळ्या वनस्पतींची औषधं A61K35/78 या एकाच खणात टाकलेली असायची. हळदीच्या केसनंतर भारताने 2001 पासून टीकेडीएल, म्हणजे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह, उभा करायला घेतला. त्यासाठी तयार केलेल्या वर्गीकरणाच्या रेट्यातून 2006 मध्ये A61K36 हा वनस्पतींचा स्वतंत्र, बारीक वाटलेला विभाग आला. आज तुम्ही एका कोडने हळद गाठता, ते त्या धडपडीचं फळ आहे.

कोडचं जाळं कुठे फाटतं? एकच वस्तू दोन घरांत राहू शकते तिथे. मित्राच्या स्प्रेचंच बघा. औषध म्हणून पाहिलं तर तो A61K मध्ये. पण जखमेवर पसरून बसणारी द्रव, जेल किंवा पुडीची पट्टी म्हणून पाहिलं, तर A61L26/00 मध्ये. फक्त पहिल्या घराचं दार वाजवलं, तर दुसऱ्या घरातला स्पर्धक कधीच दिसणार नाही. उपाय सोपा आहे: शब्दांच्या शोधात जे चार-पाच सर्वांत जवळचे कागद मिळतील, त्यांच्यावरचे कोड लिहून काढा. जो कोड पुन्हा पुन्हा येतो, तो तुमचा.

तिसरं जाळं: संदर्भांची साखळी

जवळचा कागद मिळाला की त्याने कुणाचा उल्लेख केलाय ते पाहायचं. हे मागे जाणं. मग त्याचा उल्लेख पुढे कुणी केलाय ते पाहायचं. हे पुढे जाणं. गुगल पेटंट्सच्या पानावर खाली दोन्ही याद्या असतात. ज्या नोंदीपुढे ताऱ्याची खूण असते, ती परीक्षकाने दिलेली. ती आधी उघडा, कारण अर्जदार ढीगभर संदर्भ देऊ शकतो, परीक्षक सहसा दाव्याला भिडणारेच देतो.

पण फक्त पेटंटमध्येच फिरलात, तर 1953 च्या त्या लेखापर्यंत पोचणं अवघड. तिथे शोधनिबंधांची साखळी लागते. हळदीच्या औषधी गुणांचा एक आढावा 1991 मध्ये प्लांटा मेडिका या नियतकालिकात आला होता. असा आढावालेख म्हणजे जुन्या लेखांच्या पत्त्यांची वही. त्याच्या यादीतून मागे जायचं, आणि प्रत्येक जुन्या लेखासाठी गुगल स्कॉलरवर त्याचा उल्लेख कुणी केला ते पाहून पुन्हा पुढे यायचं.

थांबायचं कधी? साखळीतून नवा शब्द मिळाला तर पहिल्या जाळ्यात टाका, नवा कोड मिळाला तर दुसऱ्यात. तिन्हींतून फिरून तेच ते कागद परत यायला लागले, की थांबा. "काही सापडलं नाही" एवढ्यावर थांबायचं नाही. कारण एक भाग कुणालाच दिसत नाही: अर्ज साधारण 18 महिने जाहीर होत नाहीत, त्यामुळे काल-परवाचा स्पर्धक कुठल्याही जाळ्यात येत नाही.

मग स्प्रेचं काय?

तक्ता भरायला घेतला तेव्हा "हळद" आणि "जखम" या दोन रकान्यांत लगेच टिक पडली, आणि आपल्याकडे कलम 3(p) प्रमाणे पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळतही नाही. त्यामुळे त्या दोन शब्दांवर अर्ज करणं म्हणजे फी वाया. उरला एकच रकाना: हळद न गुठळता नोझलमधून समान कशी उडते. मित्र म्हणाला, "म्हणजे माझं पेटंट हळदीत नाही, नोझलपाशी आहे?" असलं तर तिथेच. आता त्या रकान्यासाठी नवं कुटुंब लावलंय, आणि शोध A61L26/00 आणि एरोसोलच्या A61K9/12 मध्ये सुरू आहे. तो रकाना रिकामा राहिला, तरच अर्ज जाईल.