एका रुपयाचा नियम

बोलता बोलता फोन तुटतो, आपण ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो आणि मग पुन्हा नंबर लावतो. याला कंपन्यांच्या भाषेत ‘कॉल ड्रॉप’ म्हणतात. २०१५ साली या तुटणाऱ्या फोनवरून इतकी ओरड झाली, की दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १६ ऑक्टोबरला एक नियम काढला. १ जानेवारी २०१६ पासून कंपनीच्या नेटवर्कमुळे फोन तुटला, तर फोन करणाऱ्याला एक रुपया भरपाई मिळणार होती. ती दिवसाला जास्तीत जास्त तीन वेळा मिळायची. चार तासांच्या आत तसा मेसेज यायचा; पोस्टपेडवाल्यांना ती रक्कम पुढच्या बिलात वळती करून मिळायची.

ग्राहकाला हे आवडण्यासारखंच होतं. मलाही आवडलं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी हा नियम रद्द केला. त्याची कारणं वाचली, की नियामक नावाच्या संस्थेचं बळ कुठे आहे आणि तिला जाब विचारायची जागा कुठे आहे, हे दोन्ही कळतं.

ट्राय हे सरकारी खातं नव्हे. संसदेने १९९७ साली कायदा करून ते उभं केलं, कारण तेव्हा फोनचा धंदा सरकार स्वतःही करत होतं आणि खासगी कंपन्याही करत होत्या. खेळाडूच पंच झाला तर बाकीच्यांनी कोणाकडे बघायचं? म्हणून पंच वेगळा केला आणि त्याला नियम करायचा अधिकार दिला. हे नियम कायद्याइतकेच बंधनकारक असतात, पण ते करणाऱ्या माणसांना कोणी मत देऊन निवडलेलं नसतं. कायद्याने यावर दोन लगाम ठेवले. पहिला, नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. तो तीस दिवस पटलावर असतो आणि सभागृहं तो बदलू शकतात. प्रत्यक्षात त्या कागदांच्या गठ्ठ्याकडे कोण बघतं! एखाद्या नियमावर सभागृहात चर्चा होणं हा अपवादच. दुसरा लगाम कायद्याच्या अकराव्या कलमात आहे: ट्रायने आपलं काम पारदर्शकपणे करायचं.

एका रुपयाचा नियम या दुसऱ्या लगामावर अडकला. सेवेच्या दर्जाबद्दल ट्रायचाच एक आधीचा नियम होता. महिन्याच्या सरासरीत शंभरातले दोन कॉल तुटले तरी कंपनी दोषी नाही, असं त्यात म्हटलं होतं. आता त्या दोन टक्क्यांच्या आत असलेल्या कंपनीनेही प्रत्येक तुटलेल्या कॉलचे पैसे द्यायचे होते. म्हणजे एका नियमाने पास झालेला विद्यार्थी दुसऱ्या नियमाने दंड भरणार. शिवाय ट्रायच्याच एका तांत्रिक टिपणात असा हिशेब निघाला होता, की सरासरी ३६.९ टक्के कॉल ग्राहकाच्या बाजूच्या कारणांनी तुटतात. तरी भरपाईचा सगळा बोजा कंपनीवरच. न्यायालय म्हणालं, दोष कोणाचा हे न बघता दंड लावणं मनमानी आहे. आणि कंपन्यांनी हेच आक्षेप मसुद्याच्या वेळी घेतले असताना ट्रायने त्यांना मुद्देसूद उत्तर दिलं नव्हतं. लोकांची मतं मागवली होती. ती विचारात घेतल्याचं मात्र कुठे दिसत नव्हतं.

या लढाईत कंपन्या आधी कुठे गेल्या, तेही बघण्यासारखं आहे. दूरसंचारातले तंटे सोडवायला टीडीसॅट नावाचं वेगळं न्यायाधिकरण आहे. सुरुवातीला नियम करणं आणि तंटे सोडवणं ही दोन्ही कामं ट्रायकडेच होती. २००० साली कायदा बदलून निवाड्याचं काम काढून घेतलं आणि टीडीसॅटकडे दिलं. पण एक रुपयाची तक्रार घेऊन कंपन्या तिथे गेल्या नाहीत, कारण ट्रायने केलेला नियमच चूक आहे असं ठरवण्याचा अधिकार टीडीसॅटला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला होता. त्यामुळे थेट दिल्ली उच्च न्यायालय गाठावं लागलं. तिथे फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्राय जिंकलं आणि मग प्रकरण वर गेलं. मोठ्या कंपन्यांना हा खर्च झेपतो. एखाद्या नियमाने खरोखर नाडलेल्या लहान केबलवाल्याने ही वाट कशी चालायची?

ट्रायच्या बाबतीत निदान पंच आणि न्यायाधीश वेगळे झाले. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या सेबीत मात्र ते अजून एकाच छताखाली आहेत. शेअर बाजाराचे नियम सेबी करते. कोणी ते मोडल्याचा संशय आला तर तपास सेबीचा अधिकारी करतो. कारणे दाखवा नोटीस सेबी काढते, सुनावणी घेऊन दंड ठोठावणारा निर्णय अधिकारीही सेबीचाच असतो, आणि बाजारात व्यवहार करायला बंदी घालणारा आदेश सेबीचे पूर्णवेळ सदस्य काढतात. तपास आणि निवाडा करणारी माणसं वेगळी असली, तरी हजेरीपट एकच. बाहेरचा माणूस प्रथम भेटतो तो अपिलात, रोखे अपील न्यायाधिकरणात, म्हणजे सॅटमध्ये. तिथे ४५ दिवसांत जावं लागतं. तोवर बाजारातून बाहेर काढलेल्या दलालाचा धंदा बसलेला असू शकतो.

एकाच संस्थेच्या हाती तिन्ही अधिकार आल्याने पुढे प्रश्न उभे राहतील, अशी शंका सर्वोच्च न्यायालयाने सेबीच्याच एका प्रकरणात २००४ साली बोलून दाखवली होती. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने २०१३ साली सुचवलं, की नियामकात निवाडा करणारे अधिकारी तपासापासून पूर्ण अलग ठेवावेत. एकत्र अधिकारांच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे. बाजारातला घोटाळा तासाभरात लाखो लोकांचे पैसे खातो आणि दिवाणी न्यायालयाची तारीख पडेपर्यंत काही उरत नाही. माझ्या मते सेबीचा वेग काढून घेऊ नये. पण आरोपीला आपल्याविरुद्धचे कागद बघायला मिळालेच पाहिजेत. सेबी तपास अहवाल आरोपीला द्यायला नकार देत असे. तो संबंधित भागापुरता द्यावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये बजावलं. इतकी साधी गोष्ट मिळवायला सेबीच्या स्थापनेनंतर तीस वर्षं लागली.

एका रुपयाच्या निकालात न्यायालयाने संसदेला एक सूचनाही केली होती. अमेरिकेत नियम करण्याआधी मसुदा जाहीर करून लोकांची मतं घेण्याचा कायदा आहे, तसा सर्व नियामकांसाठी आपल्याकडेही करावा. सगळ्यांना बांधणारा तसा कायदा अजून झालेला नाही. सेबीने २०२५ साली स्वतःपुरती एक कार्यपद्धती ठरवली आहे: नियमाचा मसुदा संकेतस्थळावर ठेवून लोकांना मतं द्यायला २१ दिवस द्यायचे. या सूचना वाचायला वकील असावं लागत नाही आणि पाठवायला पैसे पडत नाहीत.

कॉल ड्रॉपचं पुढे काय झालं? २०१७ साली ट्रायने मोजणीची पद्धत बदलली आणि ठरलेली पातळी न गाठणाऱ्या कंपन्यांना लाखांच्या घरातला दंड ठेवला. तो दंड ग्राहकाच्या खात्यात जमा होत नाही.