गटाच्या खात्यावर ‘झिंगाट’ का वाजत नाही?



पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेली माणसं जाताना पोह्याचे पापड घेऊन जातात. हे गिऱ्हाईक पुढेही टिकावं म्हणून काही गट इन्स्टाग्रामवर धंद्याचं, म्हणजे बिझनेस खातं उघडतात. मग एक तक्रार हमखास येते. मुलीच्या खात्यावर ‘झिंगाट’ मिळतं, गटाच्या खात्यावर शोधलं तर येतच नाही. दुसरीकडून जोडून टाकलं, तर व्हिडिओ दिसतो पण आवाज बंद!

यात मोबाईलचा काही दोष नाही. ‘झिंगाट’ हे 2016 च्या ‘सैराट’मधलं, अजय-अतुल यांचं गाणं. गाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: एक शब्द आणि चाल, दुसरी त्याचं रेकॉर्डिंग. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने दोन्हींना मालकी हक्क आहेत. इन्स्टाग्रामने संगीत कंपन्यांशी करार करून गाणी घेतली, पण ती लोकांनी घरगुती आनंदासाठी वापरावीत म्हणून. माल विकण्यासाठी गाणं वापरणं ही जाहिरात झाली. तिची परवानगी मालकाकडून वेगळी घ्यावी लागते आणि बहुधा पैसेही मोजावे लागतात. शेजारणीने बारशाला मोठं पातेलं दिलं, म्हणून त्यावर आपण खानावळ चालवू शकत नाही, तसंच हे.

म्हणून काही जणी खातं पुन्हा वैयक्तिक करून घेतात. गाणं दिसू लागतं, पण पापड विकायचेच असतील तर परवानगी मिळालेली नसतेच. पंधरा सेकंदच वाजवलं किंवा खाली गायकाचं नाव लिहिलं, तरी फरक पडत नाही. अमेरिकेत एका पेय कंपनीने जाहिरातीच्या छोट्या व्हिडिओंत अशी गाणी वापरली, तेव्हा 2022 मध्ये न्यायालयाने निकाल संगीत कंपन्यांच्या बाजूने दिला.

मग पापडाच्या व्हिडिओला आवाज कुठला द्यायचा? बिझनेस खात्यात गाणं शोधताना जे संगीत समोर येतं, ते धंद्यासाठी मोकळं ठेवलेलं असतं. त्याच संग्रहाचं नाव Meta Sound Collection. त्यातलं निवडा.

दुसरा मार्ग आपल्या घरातच आहे. आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी तुमच्यापैकी एखादीने गावी आणि मोबाईलवर रेकॉर्ड करावी. परंपरेने चालत आलेल्या ओवीला कुणी एक मालक नसतो आणि हे रेकॉर्डिंग तुमचंच असतं. मात्र कॅसेट किंवा यूट्यूबवरून तीच ओवी उचलू नका, कारण ते रेकॉर्डिंग दुसऱ्याचं असतं. आणि ‘झिंगाट’ स्वतः गायलं, तरी शब्द आणि चाल अजय-अतुल यांचीच राहते, हे विसरू नका.

जुन्या व्हिडिओचा आवाज बंद झाला असेल, तर मूळ चित्रीकरण मोबाईलमध्ये शोधा, त्याला नवा आवाज जोडा आणि पुन्हा टाका. त्यासाठी यापुढे प्रत्येक वेळी गाणं न जोडलेली एक प्रत जपून ठेवत जा.