कंसात साठ, आलेखात तीस

अकरावी-बारावीच्या वह्यांमध्ये या धाटणीचा एक प्रश्न दिसतो: y = 3 sin(2x − 60°) याचा आलेख काढा; आयाम, आवर्तन आणि फेज शिफ्ट सांगा. आयाम ३, हे उत्तर चटकन येते. आवर्तन १८०°, हेही थोड्या विचाराने जमते. फेज शिफ्टपाशी मात्र अर्धा वर्ग ६०° लिहितो. सूत्रात साठ समोर दिसत असतात, म्हणून ते उचलले जातात. खरे उत्तर ३०° आहे. हा फरक नीट उमगला की साइन-कोसाइनच्या आलेखातले बाकीचे फारसे अवघड राहत नाही.

आधी साध्या y = sin x कडे पाहू. शाळेत पाच बिंदू शिकवतात: ०° ला शून्य, ९०° ला एक, १८०° ला पुन्हा शून्य, २७०° ला उणे एक आणि ३६०° ला परत शून्य. बिंदू बरोबर मांडूनही अनेकांचा आलेख बिघडतो, कारण त्यांना जोडायचे कसे हे कोणी सांगितलेले नसते. कोणी पट्टीने सरळ रेघा ओढून करवतीचे दाते काढतो, तर कोणी कंपासने अर्धवर्तुळे. दोन्ही चूक. मधला एकच बिंदू घेतला तरी ते कळते. ३०° म्हणजे ०° ते ९०° या वाटेचा एक तृतीयांश भाग; पण sin 30° = 0.5, म्हणजे तेवढ्यात निम्मी उंची चढून झालेली असते. उरलेली निम्मी उंची चढायला पुढचे साठ अंश लागतात. वक्र शून्यापाशी सगळ्यांत जास्त चढा असतो आणि माथ्याकडे जाताना सपाट होत जातो.

हा आकार आपल्याकडे पंधराशे वर्षांपूर्वी आकड्यांत मांडलेला आहे. आर्यभटाने ‘आर्यभटीय’मध्ये ९०° चे चोवीस समान भाग करून प्रत्येक भागात ज्या किती वाढते तेवढेच दिले. हे फरक २२५, २२४, २२२, २१९, २१५ असे सुरू होतात आणि शेवटी ५१, ३७, २२, ७ पर्यंत उतरतात. त्याने आलेख काढलेला नव्हता, पण वक्र आधी ताठ चढतो आणि मग हळूहळू आडवा होतो हे या उतरत्या आकड्यांतून स्पष्ट दिसते. माथ्याशी टोक काढायचा मोह झाला, तर शेवटचा सात हा आकडा आठवावा. पहिल्या पावलाला २२५ चढणारा वक्र शेवटच्या पावलाला जेमतेम ७ चढतो.

कोसाइनचा आलेख नव्याने शिकावा लागत नाही. साइनचाच वक्र ९०° डावीकडे सरकवला की तो कोसाइन. म्हणून तो शून्यापासून न निघता माथ्यापासून निघतो.

आता साठ आणि तीस. आलेख कुठे सरकला हे ठरवायचे, तर त्याची एक ओळखीची जागा शोधावी. साइनची ओळखीची जागा म्हणजे तो मधली रेषा ओलांडून वर जाऊ लागतो तो बिंदू. साध्या साइनमध्ये तिथे कंसातली किंमत शून्य असते. मग इथेही कंसातली किंमत शून्य कधी होते ते पाहावे: 2x − 60° = 0, म्हणजे x = 30°. पुस्तकी भाषेत सांगायचे तर कंसातला २ आधी बाहेर काढावा: y = 3 sin 2(x − 30°). x ला चिकटलेला २ वक्राला आडवा आक्रसून निम्मा करतो, आणि त्या आक्रसण्यात साठचेही तीस होतात. शंका राहिली तर पडताळा सोपा आहे. x = 60° ठेवले, तर कंसात ६०° येतात आणि y होतो 3 × 0.866, म्हणजे सुमारे २.६. वक्र तिथे सुरू होत नसून माथ्याच्या जवळ पोहोचलेला असतो.

एवढे झाले की आलेख पाच बिंदूंत उभा राहतो. सुरुवात ३०° ला. आवर्तन १८०°, त्याचा पाव भाग ४५°. म्हणून पुढचे बिंदू ७५°, १२०°, १६५° आणि २१०° ला. त्यांच्या उंच्या क्रमाने ०, ३, ०, −३, ०. अक्षावर ३०, ६०, ९० असे आकडे आधीच मांडून ठेवणाऱ्यांना ७५ आणि १६५ ला जागा सापडत नाही आणि ते अंदाजाने बिंदू टाकतात. आधी पाच बिंदू काढावेत आणि मग अक्षाची मापे ठरवावीत. इथे पंधरा-पंधरा अंशांची घरे पाडली की सगळे बिंदू नेमके रेघेवर येतात.

याच्या उलट काम, म्हणजे समोरच्या वक्रावरून तीन आकडे वाचणे, हे जास्त उपयोगाचे आणि जास्त रंजक आहे. त्यासाठी मुंबईच्या भरती-ओहोटीइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. पाणी चढते, उतरते, पुन्हा चढते. सलग मोजले तर कागदावर साइनसारखाच वक्र उमटतो.

समजा एखाद्या दिवशी दुपारी १ वाजता पूर्ण भरती आहे आणि पाण्याची पातळी ४.२ मीटर आहे. नंतरची ओहोटी ०.८ मीटरची आहे. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण उधाणाच्या आसपास मुंबईला पाण्याची चढउतार या घरातलीच असते. इथला आयाम किती? बरेच जण ४.२ म्हणतात, काही जण दोहोंची वजाबाकी करून ३.४ सांगतात. आयाम मोजायचा असतो मधल्या रेषेपासून. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पातळी यांची सरासरी २.५ मीटर, ही मधली रेषा. तिथून वर १.७ आणि खाली १.७. आयाम १.७ मीटर. पुस्तकातल्या बहुतेक गणितांत मधली रेषा म्हणजे x-अक्षच असतो, त्यामुळे माथ्याची उंची हाच आयाम अशी सवय लागते. समुद्र ती सवय मोडतो.

आवर्तन म्हणजे एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंतचा वेळ. तो १२ तास २५ मिनिटे असतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही त्याच दिशेने थोडा पुढे सरकलेला असतो. किनाऱ्याला पुन्हा चंद्रासमोर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात दोन भरत्या होतात. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते हे कोळीवाड्यात कुणीही सांगेल. त्यामागचा हिशेब हा असा. आता ३६०° ला १२.४२ तासांनी भागले की ताशी सुमारे २९° येतात. भरतीचे सूत्र तयार झाले, आणि वक्राचा माथा १ वाजता असल्याने इथे कोसाइन सोयीचा:

h = 2.5 + 1.7 cos 29°(t − 13)

इथे t म्हणजे मध्यरात्रीपासूनचे तास, आणि फेज शिफ्ट १३ तास. कंस उघडून कोणी 29t − 377 असे लिहिले, तर तो ३७७ हा आकडा पाहून भरतीची वेळ कुणालाच कळणार नाही. २९ बाहेर ठेवला की कंसात घड्याळाची वेळ दिसते. साठ-तीसच्या गोंधळावरचा उपाय इथे आपोआप पटतो.

हाच वक्र साइननेही लिहिता येतो. त्यासाठी पाणी मधली रेषा ओलांडून वर जाते ती वेळ हवी. ती माथ्याच्या पाव आवर्तन आधी, म्हणजे सुमारे ३ तास ६ मिनिटे आधी येते. सकाळी ९ वाजून ५४ मिनिटांनी. मग सूत्र होते h = 2.5 + 1.7 sin 29°(t − 9.9). समुद्र तोच, आलेख तोच, तरी फेज शिफ्ट एकीकडे १३ आणि दुसरीकडे ९.९. दोन मित्रांची उत्तरे अशी वेगळी आली तर दोघेही बरोबर असू शकतात. फेज शिफ्ट सांगताना ती साइनची की कोसाइनची हेही सांगितले पाहिजे, आणि पाठ्यपुस्तके यावर पुरेसा भर देत नाहीत.

वाचनातली आणखी एक अडचण फक्त खऱ्या नोंदींवर काम केल्यावर लक्षात येते. माथ्याची नेमकी वेळ डोळ्यांनी पकडणे कठीण असते. वरच्या सूत्रात दुपारी १ च्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास पाहिले, तर पातळी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरने कमी असते; एका लाटेत तो फरक बुडून जातो. तोच अर्धा तास मधल्या रेषेपाशी घेतला, तर पाणी सुमारे ४३ सेंटिमीटर चढते. म्हणून आवर्तन आणि फेज शिफ्ट वाचायला माथ्यापेक्षा मधली रेषा ओलांडण्याच्या वेळा अधिक भरवशाच्या. आयामासाठी मात्र माथा आणि तळच हवेत.

खलाशी वक्राची हीच चाल ‘बाराव्या भागाच्या नियमा’ने वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढे पाणी चढते, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. कोसाइनने मोजले तर पहिल्या तासाला बाराव्या हिश्शाऐवजी पंधराव्या हिश्शाच्या आसपास आकडा येतो आणि तिसऱ्या तासाला बरोबर पाव. होडी किनाऱ्याला लावायला एवढी अचूकता पुरते.

हे सूत्र फार दिवस चालत नाही, हेही सांगायला हवे. आज काढलेला १.७ मीटरचा आयाम आठवड्याभरात खूपच कमी झालेला असतो. कारण चंद्राच्या जोडीला सूर्याचीही भरती असते आणि तिचे आवर्तन बरोबर १२ तासांचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दोन्ही वक्रांचे माथे एकावर एक येतात आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास एकाचा माथा दुसऱ्याच्या तळाशी गाठतो आणि भरती कमी चढते. पंचवीस मिनिटांच्या फरकाने फेज रोज थोडी सरकते आणि सुमारे पंधरा दिवसांनी दोन्ही वक्र पुन्हा जुळतात. याशिवाय चंद्राचे अंतर बदलते, त्याची कक्षा कललेली असते. या प्रत्येक कारणाचा वेगळा साइन वक्र मिळवावा लागतो.

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीच्या नोंदी १८७८ पासून आहेत. त्याच सुमारास, १८७९ मध्ये, भारतातल्या बंदरांचे भरतीचे अंदाज काढण्यासाठी इंग्लंडमध्ये एक यंत्र तयार झाले. लॉर्ड केल्विन यांच्या कल्पनेवर बेतलेल्या या यंत्रात सुरुवातीला वीस साइन वक्रांची बेरीज होत असे. प्रत्येक वक्रासाठी एक चाक होते. त्याच्या भुजेची लांबी आयामाइतकी ठेवायची, दातेरी चक्रांचे प्रमाण आवर्तनाप्रमाणे निवडायचे आणि सुरुवातीला चाक फेजच्या कोनावर लावायचे. मग दांडा फिरवला की एकच दोरी वीसही हालचाली एकत्र करून पुढच्या वर्षाचा वक्र कागदावर काढत असे.