चौकोनी कंसातला पत्ता

निफाडजवळच्या एका द्राक्ष निर्यातदाराला मार्चमध्ये एक मेल आला. रॉटरडॅमच्या ज्या कंपनीकडून ते प्री-कूलिंगच्या यंत्राचे सुटे भाग मागवतात, तिच्या नावानं. आमचं बँक खातं बदललंय, राहिलेलं बिल नव्या खात्यावर भरा, एवढाच मजकूर. त्यांच्या हिशेबनीसांनी पैसे पाठवण्याआधी जुन्या नंबरवर फोन लावून विचारलं, म्हणून रक्कम वाचली. पण प्रकरण मिटलं नाही. मालकांच्या मुलानं मेलच्या हेडरमधला एक आकडा एका साइटवर टाकला, नकाशावर नेदरलँड्समध्ये खूण उमटली आणि घरानं ठरवूनच टाकलं की रॉटरडॅमच्या कंपनीतलंच कोणीतरी फितूर आहे. पोलिसांत द्यायच्या तक्रारीत त्या कंपनीचं नाव संशयित म्हणून लिहूनही झालं. नकाशावरच्या एका खुणेवरून कित्येक वर्षांचा व्यवहार मोडायला निघालेली माणसं पाहून मी अस्वस्थ झालो. हेडर वाचणाऱ्या एका जाणकार बाईंकडे ते बापलेक पुण्याला निघाले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेलो.

या बाईंचं अर्धं आयुष्य मेल सर्व्हर सांभाळण्यात गेलंय. मेल फॉरवर्ड करू नका, मूळ फाइल पाठवा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. फॉरवर्ड केलेल्या मेलला नवं हेडर लागतं आणि जुनं हरवतं. फाइल मेल आला त्याच दिवशी त्यांच्याकडे पोचली होती. आम्ही गेलो तेव्हा स्क्रीनवर नेमक्या तीन ओळी होत्या. नावं आणि पत्ते बदलून त्या इथं देतो. बदललेले आकडे उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांतले आहेत, ते कोणाचेही नाहीत.

```
Received: from mail.parts.example (unknown [203.0.113.47])
    by mx.draksh.example (Postfix) with ESMTPS;
    Tue, 11 Mar 2025 10:42:07 +0530
Received: from [10.8.0.6] (unknown [198.51.100.23])
    by mail.parts.example (Postfix) with ESMTPSA;
    Tue, 11 Mar 2025 05:11:58 +0000
Received: from smtp.rdam.example ([192.0.2.15])
    by relay.rdam.example with ESMTP;
    Tue, 11 Mar 2025 09:26:40 +0100
```

मेल ज्या ज्या सर्व्हरच्या हातून जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली `Received` ओळ सगळ्यात वर चढवतो. म्हणून सगळ्यात जुनी ओळ तळाशी. मुलानं तळापासून वाचायला सुरुवात केली होती आणि तळाच्या ओळीत त्याला रॉटरडॅम दिसलं होतं. बाई म्हणाल्या, "क्रम खालून वर लागतो दादा, पण विश्वास वरून खाली ठेवायचा. ही वरची ओळ तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं लिहिलीय. खालच्या दोन त्याच्या हातात आयत्या आल्यात."

मग त्यांचं बोट वरच्या ओळीतल्या चौकोनी कंसावर गेलं, आणि पुढचा सगळा वेळ ते फिरून फिरून तिथंच येत राहिलं. `from` नंतरचं नाव म्हणजे पलीकडच्या यंत्रानं स्वतःची करून दिलेली ओळख. तिथं कोणीही काहीही सांगू शकतं. त्याच्या पुढचं `unknown` म्हणजे तुमच्या सर्व्हरनं पत्त्यावरून उलट नाव शोधलं आणि पटेल असं मिळालं नाही. चौकोनी कंसातला आकडा मात्र कोणी सांगितलेला नाही. जोडणी ज्या पत्त्यावरून आली, तो तुमच्या सर्व्हरनं स्वतः पाहून लिहिलाय. तो खोटा देता येत नाही, कारण मेल पोचवताना दोन्ही यंत्रांची बरीच प्रश्नोत्तरं होतात. पत्ता खोटा दिला तर उत्तरं भलतीकडेच जातील आणि बोलणं पहिल्या पायरीलाच तुटेल.

खालच्या ओळींना हा आधार नाही. पाठवणारा मेल तयार करतानाच त्यात आयत्या `Received` ओळी चिकटवू शकतो. इथं तसंच झालं होतं, आणि ते घड्याळानं उघड केलं. बाईंनी तिन्ही वेळा जागतिक वेळेत मांडल्या. वरची 05:12:07, मधली 05:11:58, दोन्हींत नऊ सेकंदांचं अंतर, हे ठीक. तळाची मात्र 08:26:40. म्हणजे मेल रॉटरडॅमहून निघाला तो पुढच्या मुक्कामी पोचल्यावर सव्वातीन तासांनी. एखाद्या सर्व्हरचं घड्याळ काही सेकंद, क्वचित काही मिनिटं चुकतं, पण दुसरा सांधाही निखळलेला होता. तळाच्या ओळीत मेल `relay.rdam.example` नं घेतलाय, तर तिच्या लगेच वरच्या ओळीत तो त्याच्याकडून घेतल्याचं दिसायला हवं. तिथं त्याचा मागमूसही नाही. उलट मधल्या ओळीतल्या `ESMTPSA` मधला शेवटचा `A` सांगतो की कोणीतरी युजरनेम-पासवर्ड टाकून मेल तिथूनच सोडला. म्हणजे रॉटरडॅमची ओळ हातानं रचलेली होती, आणि ज्यानं रचली त्याला वाचणाऱ्यानं रॉटरडॅमवरच थांबावं असं वाटत होतं.

मुलगा चटकन म्हणाला, "पण मी टाकला तो आकडा वरचाच होता. 203 चा. तोसुद्धा नेदरलँड्सच दाखवतो!"

हे खरं होतं, आणि माझ्या दृष्टीनं खरी अडचण इथंच सुरू होते. आयपी पत्ते जगात पाच प्रादेशिक नोंदणी संस्था वाटतात. आपल्या भागासाठी एपनिक, युरोपसाठी राइप एनसीसी. त्यांच्या नोंदीत देशाचा रकाना असतो, पण बहुतेकदा तो पत्ते घेणारी कंपनीच भरते. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव असतं, तो राहतो कुठं याचा शेताशी संबंध नसतो, तसंच हे. हा पत्ता भाड्यानं सर्व्हर देणाऱ्या एका डच कंपनीचा होता. अशा कंपन्या ग्राहक मागेल त्या देशात यंत्र देतात. नकाशा दाखवणाऱ्या साइटी या नोंदी आणि इतर काही खुणा एकत्र करून अंदाज बांधतात, पण अंदाज कच्चा असला तरी खूण ठळकच उमटते. 2016 मध्ये उघडकीला आलेलं अमेरिकेतलं एक प्रकरण बाईंनी सांगितलं. मॅक्समाइंड ही कंपनी, ज्या पत्त्यांबद्दल 'अमेरिका' यापलीकडे काही ठाऊक नसेल ते सगळे देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकत असे. तो बिंदू कॅन्ससमधल्या एका शेतावर पडला. 60 कोटींहून जास्त पत्ते त्या एका शेताच्या नावावर, आणि वर्षानुवर्षं पोलीस नि चिडलेले लोक त्या घराच्या दारात.

मग यंत्र कुठं आहे हे ओळखायचं कसं? बाई म्हणाल्या, "एक मिलिसेकंद म्हणजे शंभर किलोमीटर. एवढं लक्षात ठेवा." काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे. जाणं-येणं धरलं तर निम्मे. यंत्राला हाक घातली आणि चार मिलिसेकंदांत उत्तर आलं, तर ते चारशे किलोमीटरच्या पलीकडे असूच शकत नाही. रस्ता वळणाचा असेल, मधलं यंत्र संथ असेल, तर वेळ वाढेल. कमी मात्र होणार नाही. म्हणून फार वेळ लागला तर काहीच सिद्ध होत नाही, पण कमी वेळ लागला तर बरंच काही सिद्ध होतं.

फाइल हाती आली त्या संध्याकाळीच त्यांनी मोजणी करून ठेवली होती, कारण भाड्याचा पत्ता उद्या दुसऱ्याच यंत्राला लागू शकतो. मुंबईतल्या सर्व्हरवरून `ping` केल्यावर उत्तर आलं 4 मिलिसेकंदांत. ॲमस्टरडॅमच्या सर्व्हरवरून 131. दुसरी मोजणी मुद्दाम केलेली होती. एकच पत्ता अनेक शहरांतून एकाच वेळी चालवण्याची सोय असते आणि तेव्हा कुठूनही हाक घातली तरी जवळचंच यंत्र ओ देतं. ॲमस्टरडॅमहूनही चुटकीसरशी उत्तर आलं असतं, तर मुंबईच्या आकड्याला अर्थ उरला नसता. इथं तसं नव्हतं. रॉटरडॅम मुंबईपासून सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरहून दूर आहे. एक मिलिसेकंद म्हणजे शंभर किलोमीटर, तेव्हा तिथून 65 मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं प्रकाशालाच शक्य नाही. नकाशावरची खूण नेदरलँड्समध्ये होती, पण यंत्र मुंबईच्या आसपास होतं.

"म्हणजे इथलाच कोणीतरी!" निर्यातदार खुर्चीत पुढं सरकले. आता घरातल्या जुन्या नोकराचं नाव निघणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाईंचं बोट पुन्हा त्या कंसावर गेलं. "हे यंत्र आहे, माणूस नाही." मुंबईतलं यंत्र कुठल्याही देशात बसून भाड्यानं घेता येतं. मधल्या ओळीतला 198 चा पत्ता पाठवणाऱ्याचा असेल, पण ती ओळ त्यानंच भाड्यानं घेतलेल्या यंत्रानं लिहिलीय. वेळ जुळते म्हणून पटते, पुरावा म्हणून चालत नाही. त्याच ओळीतला `10.8.0.6` हा खासगी पत्ता आहे. असे पत्ते घरोघरी असतात, त्यांना देश नसतो. 10.8.0 ही मालिका ओपनव्हीपीएन या प्रणालीच्या नमुना मांडणीत येते, म्हणजे माणूस आणखी एका आडोशामागं असल्याची शक्यता आहे. शक्यताच.

निदान या मेलनं एवढं तरी सांगितलं. जीमेलच्या वेब पानावरून धाडलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता नसतोच; कंसात गुगलचा पत्ता येतो आणि गुगलच्या ओळीत वेळेपुढं `-0700` किंवा `-0800`, म्हणजे कॅलिफोर्नियाचं घड्याळ. पुण्याहून नाशिकला गेलेल्या मेलवरही तेच. आणि पुरवठादाराचाच पासवर्ड चोरून त्याच्याच खात्यातून मेल आला, तर हेडर अगदी निर्दोष दिसतं.

मग देश शोधून काय मिळालं? माझ्या मते एक फार उपयोगाची गोष्ट: पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा ते कळलं. भारतात यंत्र भाड्यानं देणाऱ्यांनी ग्राहकाची माहिती पाच वर्षं आणि लॉग 180 दिवस ठेवावेत, असा सर्ट-इनचा एप्रिल 2022 चा आदेश आहे. तेव्हा तपास यंत्रणेची नोटीस इथंच लागू पडते, परदेशी पत्रव्यवहारात महिने घालवायची वेळ येत नाही. पण नोटिशीत पत्त्याबरोबर सेकंदापर्यंतची वेळ हवी, आणि तिच्यापुढं `+0530` हवंच. ते गाळलं आणि कोणी वेळ जागतिक धरली, तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि मधल्या काळात पत्ता दुसऱ्याकडे गेला असेल तर भलत्याच ग्राहकाचं नाव हाती येतं.

बाईंनी लिहून दिलेला निष्कर्ष तीन वाक्यांचा होता. 11 मार्च 2025 रोजी 10:42:07 (+0530) वाजता 203.0.113.47 या पत्त्यावरच्या यंत्रानं हा मेल दिला. त्याच दिवसाच्या मोजणीनुसार ते यंत्र मुंबईपासून 400 किलोमीटरच्या आत असावं. ते कोण वापरत होतं, हे हेडरवरून सांगता येत नाही. निर्यातदारांनी तो दोनदा वाचला, तक्रारीचा मसुदा मुलाकडून मागून घेतला आणि संशयिताच्या रकान्यातलं रॉटरडॅमच्या कंपनीचं नाव खोडून तिथं 'अज्ञात' लिहिलं.