हळदीचा पैसा आणि पाच तारीख

वसमतच्या बाजारात हळद विकली की किराणा दुकानदाराची उधारी वसूल होते. पावसाळ्यात गल्ला रिकामाच. अशा माणसाने दरमहा एसआयपी लावली, तर हप्ता चुकतो आणि बँक वर दंड कापते.

समजा, घरखर्च महिना 20,000 आहे. मे महिन्यात 1,30,000 हाती आले, तर चार मंद महिन्यांचे 80,000 आधी बचत खात्यात वेगळे ठेवावेत. उरलेले 50,000 पीपीएफमध्ये. तिथे वर्षाला किमान 500 भरले तरी खाते चालू राहते, हप्त्याचे बंधन नाही. मात्र व्याज पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजतात. 4 जूनऐवजी 6 जूनला भरले, तर 7.1 टक्के दराने सुमारे 296 रुपये बुडाले! शिवाय मुदत पंधरा वर्षांची. दुकानात माल भरायचे भांडवल तिथे अडकवू नये.